खाडाखोड झालेल्या पानावर मुलाची शेवटची ओळ कोणती? फोटोवरून गणिताची उत्तरे तपासताना

प्रश्न: मी दहावीच्या मुलांची बीजगणिताची सराव चाचणी घेते आणि मुले वहीच्या पानांचे फोटो पाठवतात. पुष्कळ पानांवर खोडलेली रीत, वर लिहिलेली दुरुस्ती आणि बाजूला तिसरेच काहीतरी असते. यांतली मुलाची शेवटची ओळ कोणती, हे ठरवायचे कसे? कधी कधी तर खोडलेले बरोबर असते आणि ठेवलेले चूक.

उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोन निर्णय एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी वेगळे करावेत. पहिला निर्णय असा की मुलाने शेवटी काय म्हटले आहे. दुसरा असा की त्याबद्दल किती गुण द्यायचे. पहिला निर्णय पानावरून होतो आणि दुसरा चाचणीच्या नियमावरून. परीक्षक म्हणून आणि पुढे नियामक म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की या कामातल्या बहुतेक चुका दुसरा निर्णय पहिल्याच्या आधी घेतल्यामुळे होतात. आपल्याला उत्तर ठाऊक असते. दहा पेपर तपासून झाले की ते पाठच होते. मग गुंतागुंतीच्या पानावर आपली नजर आपोआप बरोबर ओळीवर जाऊन थांबते आणि तीच मुलाची शेवटची ओळ आहे असे आपल्याला वाटू लागते. काही परीक्षकांच्या बाबतीत याच्या उलट घडते. खाडाखोडीचा त्रास झालेला असतो आणि त्यांची नजर चुकीच्या ओळीवर थांबते. दोन्ही प्रकारांत मुलावर अन्याय होतो.

यासाठी मी एक सवय लावून घेतली आहे. ज्या ओळीबद्दल शंका आहे तिच्याबद्दलचा निर्णय एका वाक्यात लिहायचा आणि त्या वाक्यात ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. ‘पुढच्या ओळीत हीच किंमत वापरली आहे’ हे कारण चालते. ‘ही ओळ जागा नसताना कोंबून लिहिली आहे, म्हणजे नंतरची आहे’ हेही चालते. ‘हे उत्तर जुळते’ हे कारण चालत नाही. असे वाक्य लिहिता आले नाही तर निर्णय झालेला नाही असे समजावे आणि पान बाजूला ठेवावे.

आता एक पान सविस्तर पाहू. उदाहरण असे होते: एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ 84 चौरस मीटर आहे, तर लांबी आणि रुंदी काढा. मुलीने फोनमधल्या स्कॅनरच्या ॲपने काढलेली काळी-पांढरी प्रत पाठवली होती. तिच्यात वरून खाली असे दिसत होते:

```
x(x + 5) = 84
x² + 5x − 84 = 0
(x + 12)(x + 7) = 0
x = −12  किंवा  x = +7
रुंदी = 12 मी, लांबी = 17 मी
```

तिसऱ्या ओळीत दुसऱ्या कंसातल्या अधिक चिन्हाच्या वर एक लहानशी आडवी रेघ होती. उजव्या समासात बारीक अक्षरात `12 × 17 = 204` असे लिहिलेले होते. पानाच्या अगदी तळाशी, पुढचे उदाहरण संपल्यावर, चौकटीत ‘प्र. 3 : रुंदी 7 मी, लांबी 12 मी’ असे होते. म्हणजे एकाच पानावर दोन उत्तरे, दोन्ही न खोडलेली, आणि मधल्या पायऱ्या दोहोंपैकी एकाशीही पूर्ण न जुळणाऱ्या.

अशा पानावर मी सर्वांत आधी चिन्हांकडे पाहतो, कारण चिन्हांची दुरुस्ती एकाच दिशेने सोपी असते. उणे चिन्हावर एक उभी रेघ मारली की त्याचे अधिक होते. अधिकचे उणे करायचे असेल तर उभी रेघ नाहीशी करावी लागते, आणि पेनाने लिहिलेली रेघ नाहीशी करता येत नाही. म्हणून मुले तिथे अधिक खोडतात, किंवा वर नवे उणे लिहितात. या मुलीच्या पहिल्या कंसातल्या अधिक चिन्हाची उभी रेघ पानावरच्या इतर अधिक चिन्हांपेक्षा लांब आणि किंचित तिरकी होती. पहिल्या दोन ओळींतली अधिक चिन्हे तिने आखूड आणि सरळ काढली होती. म्हणजे हे चिन्ह आधी उणे होते. दुसऱ्या कंसात तिने अधिकच्या वर उणे लिहिले आहे, म्हणजे ते आधी अधिक होते आणि आता उणे आहे. मूळ ओळ `(x − 12)(x + 7) = 0` अशी होती आणि दुरुस्त ओळ `(x + 12)(x − 7) = 0` अशी आहे.

चौथ्या ओळीतही हेच दिसते. `12` च्या आधीचे उणे चिन्ह बरोबरीच्या चिन्हाला चिकटलेले होते, कारण आधी तिथे उणेसाठी जागाच सोडलेली नव्हती. `7` च्या आधी मात्र उणेसाठी नीट जागा होती आणि त्या उणेवर एक छोटी उभी रेघ मारली होती. ती रेघ खोडण्यासाठी मारली की अधिक करण्यासाठी, हे सांगता येत नाही. पण दोन्ही अर्थांनी किंमत 7 च राहते, म्हणून त्यावर वेळ घालवायचे कारण नाही.

आता पानाच्या दोन कथा कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लिहाव्यात. पहिली, दुरुस्तीपूर्वीची: मूळ कंस, त्यातून `x = 12` किंवा `x = −7`, त्यातून रुंदी 12 आणि लांबी 17. दुसरी, दुरुस्तीनंतरची: बदललेले कंस, त्यातून `x = −12` किंवा `x = 7`, त्यातून रुंदी 7 आणि लांबी 12. पहिलीत अवयव चुकीचे पाडले असले, तरी त्या चुकीपासून पुढच्या पायऱ्या ओळीने निघतात, म्हणजे दोन्ही कथा आपापल्या जागी सलग आहेत. दोहोंपैकी कोणती आधीची, हे चिन्हांनी सांगितलेच आहे. एकीतून दुसरीत पेनाने जाता येते. उलट जायचे तर रेघा पुसाव्या लागल्या असत्या. समासातला गुणाकार बदलाचे कारणही सांगतो. मुलीने ताळा केला, 84 च्या जागी 204 आले, ती मागे गेली आणि तिने चिन्हे बदलली. तळाची चौकट त्यानंतरची आहे, कारण मध्ये पुढचे उदाहरण लिहून झाल्यामुळे उत्तरासाठी जागा तिथेच उरली होती.

एवढ्यावर निर्णय देता आला असता, पण पाचवी ओळ न खोडलेली राहते हे मला खटकत होते. ज्या मुलीने ताळा करून चिन्हे एकेक करून बदलली, ती जुने उत्तर तसेच कसे ठेवील? म्हणून मूळ रंगीत फोटो मागवला. त्यात पाचव्या ओळीवरून शिसपेन्सिलीची एक फिकट तिरकी रेघ स्पष्ट दिसली. स्कॅनरच्या ॲपमधली काळी-पांढरी प्रत ठरावीक छटेपेक्षा फिकट असलेले सगळे पांढरे करते आणि त्यात पेन्सिलीने मारलेली काट पुसली जाते. शाईचे आकडे ठळक राहतात आणि त्यांच्यावरची काट मात्र नाहीशी होते, म्हणजे जे रद्द झाले आहे तेच सर्वांत स्वच्छ दिसते.

हे मी एवढे विस्ताराने लिहितो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रतीवरून मी एका मुलाचे खोडलेले उत्तर अंतिम धरले होते आणि त्याचे दोन गुण गेले होते. वही प्रत्यक्ष समोर आली तेव्हा पेन्सिलीची काट दिसली. तेव्हापासून, ज्या पानावर एकापेक्षा जास्त उत्तरे न खोडलेली दिसतात, त्या पानाचा मूळ फोटो पाहिल्याशिवाय मी निर्णय देत नाही.

तुमच्या मुलांना म्हणूनच पहिली सूचना अशी द्या की फोटो साध्या कॅमेऱ्याने, रंगीत आणि कोणताही फिल्टर न लावता काढावा, आणि व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठवल्यास तो लहान आणि दाबलेला होऊन येतो आणि बारीक रेघा शेजारच्या अक्षरांत विरघळतात. फ्लॅश वापरू नये, कारण पेन्सिलीचे शिसे चकाकते आणि फ्लॅशच्या झोतात काळी रेघ पांढुरकी होऊन कागदात मिसळून जाते. दिवसा खिडकीजवळ, पान सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा फोटो पुरेसा असतो. कडा दिसण्याचा आग्रह यासाठी की ‘मागे पाहा’ ही सूचना किंवा बाण बहुधा कडेलाच असतो, आणि ॲप पान कापते तेव्हा तोच भाग जातो.

फोटोत आणखी काही फसव्या गोष्टी असतात. वहीच्या छापील निळ्या रेघेवर मुलाने ओळीची काट मारली असेल तर ती छापील रेघेत लपते. उलट, आकडे छापील रेघेला चिरून गेले असतील तर रेघ हीच काट वाटते. यावर उपाय सोपा आहे. शंकास्पद रेघ अक्षरांच्या डावीकडे आणि उजवीकडे कोऱ्या जागेत पुढे जाते का, ते पाहावे. छापील रेघ पानभर जाते, मुलाची काट शब्दाच्या थोड्या पुढे संपते. पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई उमटते तेव्हा तिची अक्षरे उलटी दिसतात आणि मागच्या पानावरच्या मजकुराशी जुळतात, म्हणून मागच्या पानाचा फोटोही हाताशी असावा. मराठीत लिहिलेल्या उत्तरांत शिरोरेघेची एक अडचण असते. ‘रुंदी’ किंवा ‘लांबी’ यांसारख्या शब्दावर घाईने वरच्या अंगाला काट मारली की ती शिरोरेघेत मिसळते आणि शब्द न खोडलेला वाटतो. अशा वेळी शब्दाकडे न पाहता शेजारच्या आकड्याकडे पाहावे, कारण आकड्याला शिरोरेघ नसते आणि त्याच्यावरची काट लपत नाही.

प्रत्येक काट खोडण्यासाठी मारलेली नसते, हेही लक्षात ठेवावे. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना मुले अंशातला आणि छेदातला आकडा तिरक्या रेघेने कापतात आणि वर-खाली नवे आकडे लिहितात. वजाबाकीत शेजारच्या घरातून दशक घेताना आकडा कापून वर एक कमी असा आकडा लिहितात. या काटाकाटीत कापलेला आकडा रद्द झालेला नसून वापरून झालेला असतो. ओळखण्याची खूण अशी की काटाकाटी जोडीने होते: अंशात एक काट असेल तर छेदातही असते, आणि दोन्हींशेजारी लहान आकडे असतात. एकटी काट असेल आणि शेजारी नवा आकडा नसेल, तर ती खोडण्याची असण्याची शक्यता जास्त.

आता गिरवलेल्या आकड्यांकडे वळू, कारण सर्वांत जास्त वाद तिथे होतात. एका आकड्यावर दुसरा आकडा लिहिलेला असतो आणि वरचा कोणता हे समजत नाही. साधारणपणे लोक म्हणतात की जी रेघ गडद, ती नंतरची. हे खरे नाही. दोन रेघा एकमेकींना छेदतात तेव्हा गडद रेघ डोळ्याला नेहमी वर असल्यासारखी दिसते, मग ती आधी काढलेली असो वा नंतर. हस्ताक्षरांची तपासणी करणारे तज्ज्ञही सूक्ष्मदर्शकाखाली अशा छेदांबद्दल जपून बोलतात. फोनच्या फोटोवरून तर ते ठरवायला जाऊच नये. पानाचा अर्धा भाग सावलीत असेल तर एकच निळी शाई एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला निळी दिसते, म्हणून ‘दुसऱ्या पेनाने दुरुस्ती केली आहे’ हा निष्कर्षही त्याच उजेडातल्या शेजारच्या अक्षराशी ताडून पाहिल्याशिवाय काढू नये.

गडदपणापेक्षा तीन गोष्टी विश्वासाच्या आहेत. पहिली म्हणजे चिन्हांबद्दल सांगितला तोच दिशेचा नियम, जो आकड्यांनाही लागू होतो. `1` चा `7` किंवा `4` होऊ शकतो, `3` चा `8` होतो, `0` चा `6` किंवा `9` होतो. उलट दिशेने रेघा कमी कराव्या लागतात, म्हणून ते न खोडता होत नाही. दुसरी म्हणजे जागा. नंतर लिहिलेले अक्षर आधीच्या अक्षराला वळसा घालते. मूळ ओळ सरळ चालते, दुरुस्ती मात्र मोकळी जागा शोधत वर चढते, आखडते किंवा समासात शिरते. शेजारच्या ओळीतील मात्रा किंवा घातांक टाळण्यासाठी एखादा आकडा खाली वाकलेला असेल, तर तो त्या घातांकानंतर लिहिलेला आहे. हंसपदाची खूण करून वर लिहिलेला मजकूरही असाच नंतरचा असतो.

तिसरी आणि सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे पुढची ओळ. गिरवलेला आकडा `2` की `8` हे कळत नसेल, तर पुढच्या पायरीत मुलाने कोणती किंमत घातली ते पाहावे. मुलगा स्वतःच्या पानाचा पहिला वाचक असतो आणि त्याने तो आकडा कसा वाचला हे पुढची ओळ सांगते. पण याला एक मर्यादा आहे, आणि ती विसरली की हाच पुरावा दिशाभूल करतो. मुलगा पूर्ण उदाहरण सोडवून झाल्यावर मागे येऊन एकच आकडा बदलतो आणि पुढच्या ओळी बदलायला विसरतो, किंवा वेळ संपतो. अशा पानावर पुढची ओळ जुन्या किमतीची साक्ष देत असते. म्हणून पुढच्या एकाच ओळीवर न थांबता शेवटच्या उत्तरापर्यंत जावे. बदल सगळ्या ओळींत उतरला असेल तर तो पूर्ण झालेला आहे. बदल एकाच जागी असेल आणि खालचे सगळे जुन्या किमतीवर उभे असेल, तर तो अर्धवट बदल आहे. अर्धवट बदल असलेल्या पानावर मी उत्तराची न खोडलेली ओळ अंतिम धरतो, बदललेली पायरी ज्या रूपात आता आहे त्याच रूपात वाचतो, आणि दोन्ही जुळत नाहीत अशी नोंद करतो. पायरी आणि उत्तर जुळवून घेण्याचे काम तपासणाऱ्याचे नाही.

तुम्ही विचारलेली अवघड बाब यानंतर येते: खोडलेले बरोबर आणि ठेवलेले चूक. मुलाने `x = 7` खोडून `x = 12` लिहिले असेल आणि पुढे 12 च वापरले असेल, तर त्याची शेवटची ओळ `x = 12` आहे. हे लिहिताना हात जड होतो, हे मला ठाऊक आहे. मुलाला येत होते आणि शेवटच्या क्षणी त्याचा विश्वास डळमळला, हे आपल्याला दिसत असते. तरीही पहिल्या निर्णयात त्याला जागा नाही. ते जे दिसते आहे त्याचा उपयोग वही परत देताना करावा. त्या मुलाला अवयव पुन्हा शिकवण्याची गरज नाही, ताळा करायला शिकवण्याची आहे, आणि हे त्याला नेमके सांगता येते.

एक अपवाद मात्र पाहून घ्यावा. मुले कधी कधी खोडलेली ओळ परत जिवंत करतात. शेजारी ‘हे बरोबर’, ‘वरील उत्तर धरावे’ असे लिहितात, खोडलेल्या ओळीखाली टिंबांची रेघ काढतात किंवा तिच्याभोवती चौकट करतात. चौकट खोडण्याच्या काटेनंतर काढली आहे का, हे बहुतेक वेळा चौकटीच्या रेघेवरून कळते: काट चौकटीच्या बाहेर जाताना चौकटीची रेघ तिच्यासाठी वाकली असेल किंवा रुंद केली असेल, तर चौकट नंतरची. ‘हे बरोबर’ असे शब्द असतील तर प्रश्नच उरत नाही, मुलाने स्वतःच निर्णय दिलेला असतो.

संपूर्ण उदाहरण खोडले आहे आणि दुसरीकडे कुठेच सोडवलेले नाही, अशी पानेही येतात. तिथे खोडलेली रीत हाच मुलाचा शेवटचा प्रयत्न आहे, कारण त्याच्या जागी दुसरे काही आलेले नाही. त्याला गुण द्यायचे की नाही हा दुसरा निर्णय झाला, आणि तो नियमाने होतो. इंग्लंडमधल्या पिअर्सन एडेक्सेलच्या गुणदान सूचनांत हे स्पष्ट सांगितलेले असते की खोडलेल्या कामाच्या जागी पर्यायी उत्तर दिलेले नसेल तर खोडलेले काम तपासावे. आपल्याकडे सीबीएसईच्या तपासणीच्या सूचनांत जादा सोडवलेल्या प्रश्नांबद्दल असे असते की ज्या उत्तराला जास्त गुण मिळतात ते ठेवावे आणि दुसरे कापावे. हे दोन नियम वेगवेगळ्या प्रसंगांसाठी आहेत. एकाचा आधार घेऊन दुसऱ्या प्रसंगात ‘जे जास्त गुणांचे ते धरू’ असे म्हणता येत नाही. तुमची चाचणी तुमची स्वतःची आहे, म्हणून नियम तुम्ही ठरवा, पण तो चाचणीआधी मुलांना सांगा आणि सगळ्यांना सारखाच लावा. माझा नियम असा आहे: जागी दुसरे काही नसेल तर खोडलेले तपासतो, दुसरे असेल, मग ते दोनच ओळींचे का असेना, तर तेच तपासतो, आणि एकाच उदाहरणाची दोन पूर्ण उत्तरे न खोडता ठेवली असतील आणि मागचे-पुढचे काहीच ठरत नसेल, तर गुण न देता पान मुलाकडे परत पाठवतो.

परत पाठवताना प्रश्न कसा विचारायचा, यालाही महत्त्व आहे. ‘यातले बरोबर उत्तर कोणते?’ असे विचारले तर मुलगा उदाहरण पुन्हा सोडवतो आणि आज त्याला जे वाटते ते सांगतो. ‘पान लिहिताना तू शेवटी काय लिहिलेस?’ असे विचारावे, आणि शक्य असेल तर वही समोर घेऊन विचारावे. व्हाइटनर लावलेला असेल तर वही लागतेच, कारण फोटोत व्हाइटनरखाली काय आहे ते दिसत नाही आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत तर व्हाइटनर लावला आहे हेही कळत नाही.

शेवटी एक असे पान सांगतो जिथे सगळे नियम लावूनही मी चुकलो असतो. `2x + y = 17` आणि `x − y = 4` ही एकसामयिक समीकरणे होती. मुलाने बेरीज करून `3x = 21` लिहिले होते, पण त्या `1` च्या डोक्यावर एक आडवी रेघ होती, त्यामुळे तो आकडा `27` दिसत होता. दिशेच्या नियमाने `1` चा `7` होतो, म्हणजे त्याने 21 चे 27 केले असावे. खाली मात्र `x = 7` आणि `y = 3` होते, म्हणजे अर्धवट बदल, आणि मी तशी नोंद करायला निघालो होतो. नोंद करण्यापूर्वी मी त्या पानावरचे बाकीचे सात पाहिले. प्रत्येक `7` च्या कंबरेवर त्याने एक छोटी आडवी रेघ मारली होती. `17` मध्ये होती, `x = 7` मध्येही होती. या एकट्या आकड्याला ती नव्हती. मग फोटो मोठा करून डोक्यावरची रेघ पाहिली, तर ती आकड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक होत पुढे जात होती, आणि तिच्याच उंचीवर पानाच्या दुसऱ्या टोकाला तशीच रेघ होती. ती वहीची छापील रेघ होती, मुलाने काहीच बदललेले नव्हते.